क्रिएटिनिनच्या सूत्रातला वंशाचा रकाना

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या माझ्या मावसभावाचा रक्ताचा रिपोर्ट हाती आला. क्रिएटिनिनखाली मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा, म्हणजे जीएफआरचा, अंदाज छापला होता आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की रुग्ण आफ्रिकन-अमेरिकन असल्यास हा आकडा १.१५९ ने गुणावा. दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या त्या माणसाने विचारले, "ही ओळ आपल्यासाठी हाय का रे?" ती त्याच्यासाठी नव्हती, पण ती आली कुठून हे पाहण्यासारखे आहे.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते आणि मूत्रपिंडे ते गाळून बाहेर टाकतात, त्यामुळे गाळण मंदावली की ते रक्तात साचते. प्रत्यक्ष गाळणी मोजायची तर शरीरात विशिष्ट पदार्थ टोचून तो किती वेगाने बाहेर पडतो हे काही तास पाहावे लागते. रोजच्या तपासणीत ते जमत नाही, म्हणून क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून अंदाज बांधणारी सूत्रे वापरतात. अमेरिकेत १९९९ साली असे एक सूत्र १६२८ रुग्णांच्या मोजणीवरून तयार झाले. त्यांत कृष्णवर्णीय रुग्ण सुमारे दोनशे होते. क्रिएटिनिन आणि वय सारखे असूनही त्यांची मोजलेली गाळणी सरासरीने जास्त भरली, म्हणून सूत्रात वंशाचा गुणक घातला गेला. २००९ च्या सुधारित सूत्रात तो १.१५९ झाला. कृष्णवर्णीयांचे स्नायू अधिक असतात, असे स्पष्टीकरण त्याला जोडण्यात आले, पण त्यामागचा पुरावा तोकडा होता.

आता उदाहरण घेऊ. पन्नास वर्षांचा पुरुष आहे आणि त्याचे क्रिएटिनिन ३.६ आहे. २००९ च्या सूत्राने गाळणी मिनिटाला सुमारे १९ मिलिलिटर येते, तर 'कृष्णवर्णीय' या रकान्यात खूण केली की २२ होते. अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजला जाऊ लागतो तो गाळणी २० किंवा त्याखाली आल्यावर, किंवा डायलिसिस सुरू झाल्यावर. म्हणजे रक्त तेच, आजार तोच, पण एका माणसाचा नंबर लागला आणि दुसऱ्याला अजून 'बरा' ठरवून थांबवले गेले.

हा गुणक नेमके काय मोजत होता? तो पूर्वजांचा जनुकीय वारसा मोजत असता, तर आफ्रिकेतही लागू पडायला हवा होता. पण दक्षिण आफ्रिकेत आणि काँगोत मोजणी करून पाहिली तेव्हा तो काढून टाकल्यावरच अंदाज अधिक जुळले. आशियातला प्रकार तर मला सर्वांत बोलका वाटतो. त्याच जुन्या सूत्राला चिनी संशोधकांनी स्थानिक मोजणीवरून १.२३३ चा गुणक लावला आणि जपानी संशोधकांनी ०.८०८ चा. शेजारच्या दोन देशांत एका ठिकाणी आकडा वाढवावा लागतो आणि दुसऱ्या ठिकाणी कमी करावा लागतो, ही काही रक्ताची करामत नव्हे. गाळणी मोजण्यासाठी दोघांनी वेगवेगळे पदार्थ वापरले होते. शिवाय आहार, अंगकाठी आणि निवडलेले रुग्ण यांचाही फरक त्या एका आकड्यात मिसळलेला असतो. 'वंश' हा रकाना अशा वेळी न मोजलेल्या सगळ्या गोष्टींची पोतडी होतो. (आपल्याकडे "अमक्यांच्या रक्तातच असतं" असे म्हणताना याहून वेगळे काही घडत नाही, फक्त तिथे दशांशचिन्ह नसते.)

जनुकीय वारसा महत्त्वाचा नाही, असा याचा अर्थ नाही. एपीओएल१ या जनुकाची दोन रूपे २०१० मध्ये ओळखली गेली. ती पश्चिम आफ्रिकी वंशपरंपरेत आढळतात, निद्रारोगाच्या परजीवीपासून संरक्षण देतात आणि आईवडील दोघांकडून मिळाल्यास मूत्रपिंडविकाराचा धोका वाढवतात. मात्र बहुतेक कृष्णवर्णीय अमेरिकनांत अशी जोडी नसते, त्यामुळे त्वचेच्या रंगावरून तर्क करण्यापेक्षा जनुक तपासणेच योग्य. तसेच भेदभावाचा परिणाम अभ्यासायचा असेल तर वागणुकीचे अनुभव विचारावे लागतात, आणि वातावरणाचा अभ्यासायचा असेल तर पाणी, उष्णता व काम यांची नोंद घ्यावी लागते. वंशाच्या एका खुणेतून यांतले कोणते कारण काम करत आहे, हे कळत नाही.

२०२१ मध्ये वंशाविना नवे सूत्र आले. आपल्या उदाहरणातल्या माणसाचा आकडा त्याने सुमारे २० येतो, मग तो कोणीही असो. २०२३ पासून अमेरिकेच्या प्रत्यारोपण यंत्रणेने, जुन्या गुणकामुळे ज्या कृष्णवर्णीय रुग्णांची प्रतीक्षा उशिरा मोजली गेली, त्यांना तो काळ परत द्यायला सुरुवात केली.

माझ्या भावासमोरची अडचण मात्र उरतेच. उसाच्या मोळ्या वाहून तो काटक झाला आहे, पण अंगाने किडकिडीत आहे आणि जेवणात भाकरी-वरण असते, मांस क्वचितच. स्नायू कमी असले की क्रिएटिनिनही कमी तयार होते आणि गाळणी खरी असेल त्यापेक्षा चांगली दिसते. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत भारतीयांची गाळणी प्रत्यक्ष मोजली गेली, तेव्हा प्रचलित सूत्रे ती जास्त दाखवतात असेच आढळले. यावर 'भारतीय' असा आणखी एक गुणक शोधण्याचा मोह होतो, पण ऊसतोड्या आणि त्याच गावचा धट्टाकट्टा पैलवान या दोघांना तो सारखाच लावणार कसा? शंका असेल तिथे सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी उपयोगी पडते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. भावाच्या डॉक्टरांनी पुढच्या खेपेला तीच लिहून दिली. ती तालुक्याला होत नव्हती, म्हणून नमुना बाहेर पाठवावा लागला.