बॅकअप रात्री दोनलाच का?

खान्देशातल्या बऱ्याच जुन्या ऑफिसांत बॅकअप रात्री दोनला सुरू होतो. का, हे लावणाऱ्यालाही आता आठवत नाही. धागा बीएसएनएलच्या ब्रॉडबँडपर्यंत जातो. २००५ नंतर ही सेवा पसरली, तेव्हा डेटा मोजून मिळे. काही प्लॅनमध्ये मात्र रात्री दोन ते सकाळी आठ वापर फुकट असे. म्हणजे वेळ ठरवली ती बिलाने. त्या वेळी लाइन खरंच मोकळी असते का, हे कुणी पाहिलंच नाही.

दुसरी अडचण एडीएसएलच्या तारेतच होती. तिच्यात डाउनलोडला रुंद रस्ता, अपलोडला बोळ. बॅकअप त्या बोळातूनच जातो. तुम्ही एखादं पान उघडता तेव्हा आलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच उलट पाठवावी लागते. ती पोच बॅकअपच्या मागे राउटरच्या रांगेत अडकते आणि डाउनलोड रिकामं असूनही पान उघडत नाही. ‘नेट स्लो आहे भाऊ’ म्हणून कंपनीला फोन जातो, कंपनी लाइन तपासते, लाइन ठीक निघते! खरी खूण पिंगमध्ये दिसते: एरवी ३०-४० मिलिसेकंद, बॅकअप चालू असताना हजाराच्या वर. या फुगलेल्या रांगेला ‘बफरब्लोट’ हे नाव जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास दिलं.

उपाय त्याआधीपासून हाताशी होता. १९९६ मध्ये आलेलं `rsync` फाइलचा बदललेला भागच पाठवतं, आणि `--bwlimit` ने त्याला लगाम घालता येतो. फक्त हा आकडा सेकंदाला किलोबाइटमध्ये असतो, तर कंपनी वेग बिटमध्ये सांगते. १ एमबीपीएस अपलोड म्हणजे साधारण १२२. थोडी जागा सोडून ९६ लावायचा.

```
0 2 * * * timeout 6h rsync -a --partial --bwlimit=96 /data/ bkp:/data/
```

आता हिशेब करा. या वेगाने सहा तासांत जेमतेम २ जीबी जातात. रोजचा बदल ३ जीबी असेल तर नऊ तास हवेत. `timeout` नसतं, तर बॅकअप सकाळी अकरापर्यंत रेंगाळला असता. `--partial` मुळे अर्धवट फाइल जपली जाते, दुसऱ्या रात्री तिथून पुढे काम चालतं. पण रोजच १ जीबी मागे पडत असेल, तर कधीतरी दिवसाही ३० च्या लगामाने थोडं थोडं सोडावं लागतं.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे मात्र दोनचा मुहूर्तच चुकला होता. हंगामात ट्रक रात्रभर भरत, बिलं पहाटेपर्यंत निघत. तिथली सामसूम भर दुपारी, एक ते चार. राउटरचा आठवडाभराचा आलेख पाहिल्यावर वेळ बदलली.

फायबर आल्यावर चूक उलटी झाली. ९६ ची ओळ तशीच राहिली आणि ५० एमबीपीएसच्या लाइनवर बॅकअप मुंगीच्या पावलाने चालत राहिला. एकाने ती सुधारताना १० एमबीपीएस समजून `10m` लिहिलं. ते पडतं सेकंदाला १० मेगाबाइट, म्हणजे ८० एमबीपीएसच्याही वर. लगाम होता, पण घोड्याच्या तोंडात नव्हता.