फिक्स वाढ की टक्केवारीने वाढ: क्रॉसिंग एक नाही, तीन असतात

मागे एका मित्राने विचारलं, दोन ऑफर आहेत, पगार सुरुवातीला सारखाच, एकात दरवर्षी ठरावीक रक्कम वाढणार आणि दुसऱ्यात ठरावीक टक्के, तर टक्केवाली कितव्या वर्षी पुढे जाते? मी शीट उघडली आणि उत्तर द्यायच्या आधीच अडकलो, कारण "पुढे जाते" म्हणजे नक्की काय पुढे जातं, इन्क्रिमेंट, पगार की आतापर्यंत हातात आलेले एकूण पैसे? ही तीन वेगळी उत्तरं आहेत आणि त्यांच्यात वर्षांचं अंतर पडतं.

आकडे सोपे घेऊ. पहिल्या वर्षाचा पगार दोन्हीकडे १००, चलन कुठलंही धरा. फिक्सवाल्याला दरवर्षी ६ वाढतात, टक्केवाल्याला आदल्या वर्षीच्या पगाराच्या ४ टक्के. दुसऱ्या वर्षी १०६ आणि १०४, तिसऱ्या वर्षी ११२ आणि १०८.१६. पहिली काही वर्षं बघून माणूस म्हणतो की ६ कुठे आणि ४ कुठे, हा कधीच गाठणार नाही. पण ते ४ हे ४ राहत नाहीत ना, पुढच्या वेळी ४.१६ होतात, मग ४.३३, कारण टक्के नेहमी वाढलेल्या पगारावर लागतात. फिक्सवाल्याचे ६ मात्र शेवटपर्यंत ६ च.

आता पहिलं क्रॉसिंग. ४ टक्क्यांची वाढ ६ च्या वर कधी जाईल? पगार १५० झाला की, कारण १५० चे ४ टक्के म्हणजे ६. टक्केवाला बाराव्या वर्षी १५३.९५ वर असतो, म्हणजे त्यानंतरचं इन्क्रिमेंट, जे त्याचं बारावं, ते ६.१६ येतं आणि पहिल्यांदा समोरच्याच्या वाढीपेक्षा मोठं असतं. खूप जण ६ भागिले ४ टक्के करून हे १५० काढतात आणि इथेच थांबतात, की झालं, बारा वर्षांत गाठलं. पण गाठलेलं काहीच नसतं! उलट त्या बाराव्या वर्षीच दोघांच्या पगारातली दरी सगळ्यात मोठी असते, १६६ आणि १५३.९५, म्हणजे बाराच्या थोडी वर. दरी रुंदावायची थांबली, एवढंच झालंय.

तिथून दरी भरायला लागते, आधी अगदी हळू. एकविसाव्या वर्षी २२० विरुद्ध २१९.११, पाऊण-एकाचा फरक उरलेला, आणि बाविसाव्या वर्षी २२६ विरुद्ध २२७.८८. हे दुसरं क्रॉसिंग, पगाराचं, आणि बहुतेकांच्या मनात हेच असतं. वर्ष मोजताना इथे एक चूक फार होते, सूत्रात येणारा आकडा २१ असतो कारण तो वाढींचा असतो आणि पहिल्या वर्षी वाढ नसते, म्हणून २१ वाढी म्हणजे नोकरीचं बाविसावं वर्ष. दोन जणांची उत्तरं बरोबर एका वर्षाने वेगळी आली तर आधी हेच तपासा.

पण बाविसाव्या वर्षी पगार पुढे गेला तरी टक्केवाल्याच्या हातात एकूण पैसे कमीच आलेले असतात. पहिल्या एकवीस वर्षांची बेरीज केली तर फिक्सवाल्याला ३३६० मिळाले आणि टक्केवाल्याला साधारण ३१९७, म्हणजे तो १६३ ने मागे, सुरुवातीच्या पगाराच्या हिशोबात दीड वर्षाहून जास्त कमाई! ती भरून निघायला आणखी बरीच वर्षं लागतात. तीस वर्षांच्या शेवटी ५६१० विरुद्ध ५६०८.५, अजूनही दीडने मागे, आणि एकतिसाव्या वर्षी कुठे तिसरं क्रॉसिंग होतं.

पहिली दोन क्रॉसिंग वाढींत मोजली आणि तिसरं वर्षांत, तर साधारण ११, २१, ३१. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं आकडे तसे निवडले गेले म्हणून असेल, पण त्यामागे कारण आहे. टक्केवाला दर वाढीत किती मागे पडतो ते बघा: आधी २, मग १.८४, मग १.६७, असं जवळजवळ सरळ रेषेत कमी होत शून्यावर येतं आणि तसंच पलीकडे जातं. शून्यापर्यंत जेवढी वर्षं लागली तेवढीच पलीकडची वर्षं आधीचं मागे पडणं भरून काढतात, म्हणून पगाराचं क्रॉसिंग दुप्पट वर्षांवर. त्याच फरकांची बेरीज पुन्हा एकदा केली की एकूण पैशांचं क्रॉसिंग तिपटीवर येतं. अर्थात रेषा अगदी सरळ नसते, वर वाकत जाते, त्यामुळे खरी उत्तरं दुप्पट आणि तिपटीच्या थोडी अलीकडे पडतात. पण नुसतं पहिलं क्रॉसिंग काढून बाकीच्या दोन्हींचा अंदाज कागदाशिवाय बांधता येतो, आणि मला हे फार आवडतं.

नेमकं वर्ष हवं असेल तर बीजगणिताने ते सरळ सुटत नाही, कारण वर्ष एका बाजूला घातांकात असतं आणि दुसऱ्या बाजूला साध्या गुणाकारात, लॉग घेऊनही ते एकटं बाहेर काढता येत नाही. म्हणून शीट. पहिल्या वर्षाचा पगार दुसऱ्या ओळीत, B2 आणि C2 मध्ये 100, आणि हे:

```
B3:  =B2+6
C3:  =C2*1.04
D2:  =B2-C2
E2:  =SUM(D$2:D2)
```

चारही खाली ओढा. D पहिल्यांदा मायनस होतो तिथे पगाराचं क्रॉसिंग, E मायनस होतो तिथे एकूण पैशांचं. आपल्या आकड्यांत ते ओळ २३ आणि ओळ ३२ वर येतं, पहिली ओळ हेडिंगची असल्यामुळे वर्षासाठी एक वजा करा.

शीट तयार झाली की 1.04 च्या जागी दुसरे दर टाकून बघाच, खरी गोष्ट तिथे कळते. दर ५ टक्के केला तर पगार दहाव्याच वर्षी पुढे जातो. आणि ३ टक्के केला तर? पंचेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे बहुतेकांची नोकरी संपल्यावर. एक टक्का इकडे किंवा तिकडे आणि क्रॉसिंग १० वरून २२ वर, २२ वरून ४५ वर. ऑफरमध्ये "३ ते ५ टक्के, परफॉर्मन्सनुसार" असं काही लिहिलं असेल तर त्या एका ओळीत ही तिन्ही उत्तरं बसतात, आणि मधला ४ धरून केलेला हिशोब तेवढा भरवशाचा राहत नाही.

मित्राने मग विचारलं की महागाईचं काय. महागाई एका वर्षात दोघांच्या पगाराला सारखीच खाते, त्यामुळे बाविसावं वर्ष जागचं हलत नाही. हलतं ते एकतिसावं, कारण फिक्सवाल्याचे जास्तीचे पैसे आधी येतात, जेव्हा त्यांना किंमत जास्त असते, आणि टक्केवाल्याचे शेवटी येतात. आजच्या किमतीत बेरीज केली की तिसरं क्रॉसिंग आणखी पुढे सरकतं. त्याने शीटमध्ये अजून एक कॉलम घेऊन दरवर्षीच्या फरकाला महागाईने भागलं आणि सांगितलं की तो त्या नोकरीत पंधरा वर्षांपेक्षा जास्त राहायचा विचारच करत नाहीये, आणि मग आम्ही दोघं ओळ १६ वर आलो, तिथे D मध्ये १० च्या वर फरक होता, फिक्सवाल्याच्या बाजूने.