हर्बेरियम शीट: पारा आला कुठून आणि गेला कुठे

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, कृती सलग लिहिलेली असली, तरी तिचे टप्पे वेगवेगळ्या काळांतले आहेत. वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटवण्याची पद्धत सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीत रुळली. तेव्हा हे कागद पुस्तकासारखे बांधले जात. एका कागदावर एकच वनस्पती लावावी आणि कागद सुटे ठेवावेत, हा आग्रह छापून आला तो 1751 साली. आपली साधारण 28 × 42 सेंटिमीटरची सुटी शीट त्याच परंपरेतली.

विषाचा टप्पा मात्र कृतीत नंतर शिरला आणि वाद आहे तो त्याच्यावरच. वाळलेली वनस्पती अल्कोहोलमधल्या मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायची, पुन्हा टीपकागदात वाळवायची आणि मग चिकटवायची, असे अनेक प्रात्यक्षिक-पुस्तकांत आजही छापलेले असते. यामागचे कारण खरे होते. वाळक्या वनस्पतीला भुंगेऱ्याच्या जातीची बारीक कीड लागते आणि ती आधी फुले व बिया पोखरते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात बुरशीही धरते. पाऱ्याचा हा क्षार सहज उडून जात नाही, त्यामुळे एकदा बुडवलेला नमुना अनेक दशके टिकतो. शंभर-दोनशे वर्षांचा संग्रह सांभाळणाऱ्या संस्थांना हे सोयीचे वाटले, यात नवल नाही.

पण तीच कृती जशीच्या तशी महाविद्यालयात आणण्याचा निर्णय मला कधीच पटलेला नाही. विद्यार्थ्याची शीट मार्चमधल्या प्रॅक्टिकलपर्यंत टिकली तरी पुरते. त्यासाठी हातमोजे आणि धूर ओढणारे कपाट नसलेल्या खोलीत, कातडीतूनही शरीरात जाणारे विष मुलांच्या हाती दिले गेले. शिवाय हा क्षार वर्षानुवर्षे कागदावर जसाच्या तसा राहत नाही. त्यातला काही भाग हळूहळू धातुरूप पाऱ्यात बदलतो आणि त्याची वाफ बंद कपाटात साठते. जुन्या शीटवर वनस्पतीच्या कडेने करडी-काळी सावली उमटलेली दिसली, तर पाऱ्याचा संशय घ्यावा.

मोठ्या संग्रहांनी पुढे अतिथंडीचा मार्ग धरला. महाविद्यालयातही तो साधतो. पूर्ण वाळलेला नमुना हवाबंद पिशवीत घालून उणे 18 ते उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवायचा. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतला ओलावा थेट पाकळ्यांवर जमतो. विषाची बाजू घेणारे म्हणतात की थंडीने आतली कीड मरते, पण नवी यायची थांबत नाही. ते खरेच आहे. म्हणून पावसाळ्यानंतर शीट तपासाव्या लागतात आणि गरज पडल्यास पुन्हा गोठवाव्या लागतात. एवढे कष्ट मला पाऱ्यापेक्षा परवडतात.

विष काढून टाकल्यावर सारी भिस्त वाळवण्यावर येते. ऑगस्टमधला तेरडा घ्या. त्याचे खोड रसाळ असते, म्हणून जाड खोड मागच्या बाजूने उभे चिरावे. पहिले तीन-चार दिवस वर्तमानपत्रे रोज बदलावीत. ओल्या कागदात राहिलेला तेरडा काळा पडतो आणि पानांच्या सांध्यांतून गळतो. पहिल्यांदा कागद बदलताना पाने अजून मऊ असतात. तेव्हाच एक-दोन पाने उलटी करून ठेवली, तर खालची बाजूही दिसते. एक फूल सोडवून त्याच्या पाकळ्या वेगळ्या दाबाव्यात, कारण एकात एक दबलेल्या पाकळ्या नंतर ओळखता येत नाहीत. पिकलेली बोंडे हात लागताच फुटतात, म्हणून ती कागदी पुडीत ठेवून पुडी शीटवर चिकटवावी. नमुना उचलल्यावर खोड लवले किंवा गालाला गार लागले, तर तो अजून ओला आहे. असा नमुना फ्रीझरमध्ये ठेवू नये.

चिकटवायला सेलोटेप नको, ती पिवळी पडून सुटते. पातळ डिंक आणि जाड खोडाला दोऱ्याचे टाके पुरतात. उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या लेबलवर नाव, कुळ, ठिकाण, उंची, तारीख आणि संग्राहकाचा क्रमांक येतोच. तेरड्याच्या बाबतीत फुलाचा रंगही तिथेच टिपावा, कारण वाळल्यावर तो गुलाबी होता की पांढरा, हे सांगता येत नाही.

अलीकडे काही महाविद्यालये रानात सहज मिळणाऱ्या तणांपुरतेच नमुने मागतात आणि बाकीच्यांचे फोटो घेतात. अतिसंकलन टाळायला हे योग्यच आहे. मात्र कित्येक जर्नलांत अजून, प्रत्यक्षात न केलेली मर्क्युरिक क्लोराइडची पायरी पुस्तकातून उतरवलेली आढळते. तिथे जे केले तेच लिहावे: किती दिवस गोठवले, कोणत्या तापमानाला. विभागातल्या जुन्या विषारी शीट फेकायच्या नाहीत. कपाटावर तसे लिहून ठेवावे, ते उघडल्यावर खोली हवेशीर करावी आणि शीट हातमोजे घालूनच हाताळाव्यात.