लेसर छपाईनंतर कागद वळणे

लेसर प्रिंटर किंवा झेरॉक्स यंत्रातून बाहेर पडलेला कागद सपाट न राहता कडांनी उचलला जातो किंवा सरळ नळीसारखा गुंडाळला जातो. या दोषाला दुकानात ‘कागद गोल होतो’ असे म्हणतात. दोष बहुधा यंत्राच्या माथी मारला जातो, पण कागदातला ओलावा आणि त्याच्या तंतूंची दिशा या गोष्टी यंत्राइतक्याच जबाबदार असतात. नागपुरात तर त्यात कूलरचीही भर पडते.

लेसर छपाईत टोनरची पूड आधी कागदावर नुसती बसते. मग कागद फ्युजरमधून, म्हणजे एक तापलेला आणि एक दाब देणारा अशा दोन रुळांमधून जातो. तिथे सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला टोनरमधले प्लास्टिक वितळून तंतूंना धरते. कागद रुळांमध्ये सेकंदाचा अंशभरच असतो. तेवढ्यात त्यातले काही पाणी वाफ होऊन निघते, पण दोन्ही पृष्ठांवरून सारखे निघत नाही. जे पृष्ठ जास्त सुकते ते जास्त आक्रसते आणि कागद त्या बाजूला वळतो.

दोन पृष्ठांत किती फरक पडला तर कागद वळलेला दिसतो? चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा साधा कागद जवळपास ०.१ मिलिमीटर जाड असतो. २१० मिमी रुंदीत एक पृष्ठ दुसऱ्यापेक्षा अवघे ०.१ मिमी जास्त आक्रसले, तर तो कागद सुमारे ५७ अंशांचा बाक घेतो. कागदाचे स्वतःचे वजन हिशेबात धरले नाही तर टेबलावर ठेवल्यावर त्याच्या कडा जवळजवळ २५ मिमी वर उचललेल्या दिसतात. केसाच्या जाडीएवढ्या फरकाने कागद हाताबाहेर जातो तो असा.

हे आक्रसणे सगळीकडे सारखे नसते. लाकडाचा वा बांबूचा तंतू पाणी प्यायला की जाडीला बराच फुगतो, पण लांबीला जेमतेम वाढतो. कागदयंत्रावर लगदा वाहत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू जाळीच्या चालीच्या दिशेने आडवे होतात. ही तंतुदिशा, छापखान्याच्या भाषेत ‘ग्रेन’. ओलावा बदलला की कागद ग्रेनला आडव्या दिशेत ग्रेनच्या दिशेपेक्षा दोन-तीन पट किंवा त्याहूनही जास्त फुगतो वा आक्रसतो. म्हणून ओलाव्याने वळणारा कागद काड्यांच्या चटईसारखा वागतो. चटई काड्यांना समांतर सहज गुंडाळते, उलट दिशेने गुंडाळायला गेले तर काड्या अडतात.

ए-४ कागद प्रिंटरमध्ये सहसा आखूड कडेने शिरतो. ग्रेन २९७ मिमीच्या लांब बाजूला समांतर असेल (लाँग ग्रेन), तर ओलाव्याने त्याच्या दोन लांब कडा उचलू पाहतात. फ्युजरच्या रुळावरून जाताना मात्र कागदाला पुढून-मागून बाक मिळतो, आणि त्या बाकाला ग्रेनचा ताठपणा विरोध करतो. दोन्ही बाक एकमेकांना आडवे पडल्याने कागद बऱ्यापैकी सपाट राहतो. ग्रेन आखूड बाजूला समांतर असेल (शॉर्ट ग्रेन), तर ओलाव्याचा बाक आणि रुळाचा बाक एकाच दिशेचे होतात. ताठपणाही आड येत नाही आणि कागदाची वरची व खालची कड गुंडाळी करते.

कारखान्यातून बंद रीममध्ये येणारा झेरॉक्सचा कागद बहुतेक लाँग ग्रेन असतो. गोंधळ होतो तो प्रमाणपत्रे, पत्रिका, अहवालांसाठी मोठा ताव कापून आणल्यावर. २३ × ३६ इंचांचा, म्हणजे सुमारे ५८४ × ९१४ मिमीचा, मॅपलिथो या छपाईच्या कागदाचा ताव घेऊ. समजा ग्रेन ३६ इंचांच्या बाजूने आहे. सगळे ए-४ एकाच दिशेने, लांब बाजू ग्रेनला समांतर ठेवून कापले तर सहा निघतात आणि शेजारी १६४ मिमीची पट्टी वाया जाते. कटिंगवाला हुशार असेल तर तो ५८४ मिमीची रुंदी २९७ आणि २८७ अशी विभागतो. पहिल्या पट्ट्यातून आडवे चार आणि दुसऱ्यातून उभे तीन, असे एकूण सात निघतात. गिऱ्हाइकाचा एक कागद वाचतो. पण त्या सातांतले चार शॉर्ट ग्रेन आणि तीन लाँग ग्रेन असतात, आणि गठ्ठ्यात ते सरमिसळ होतात. एकच मजकूर छापताना काही पाने नळीसारखी वळून आणि काही जवळजवळ सपाट निघाली, तर आधी हीच शंका घ्यावी. कापण्यापूर्वी ‘सगळे एकाच ग्रेनचे’ असे सांगितले तर सहा तावांत सहा पाने कमी निघतात, पण छापून वळलेल्या पानांपेक्षा ते स्वस्त पडते.

ग्रेन ओळखायला उपकरण लागत नाही. कागदाचा छोटा चौकोन घेऊन एका बाजूला ओलसर बोट फिरवावे. तो लगेच वळतो आणि त्याच्या नळीचा अक्ष ग्रेनला समांतर असतो. फाडूनही कळते: ग्रेनच्या दिशेने चीर सरळ जाते, आडवी फाडली की वेडीवाकडी होते.

नागपूरचा मे महिना कोरडा. दुपारी पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि बाहेरच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्या आसपास उतरते. हिशेबाने कागदही कोरडाच असायला हवा. पण बर्डीवरच्या किंवा महालातल्या दुकानात कूलर चालू असतो, आणि ओल्या वाळ्यातून येणारा तो थंड वारा दमट असतो. त्याच्या तोंडासमोर उघडी रीम ठेवली की भर उन्हाळ्यात कागदाला पावसाळा लागतो. कारखान्यातून साधारण ५ टक्के ओलावा घेऊन आलेला कागद दमट हवेत त्याच्या दुप्पटही पाणी धरू शकतो, आणि फ्युजरमध्ये तेवढी जास्त वाफ निघते. बाहेर पडताना यंत्राच्या तोंडातून वाफेचा पुसटसा पदर दिसला तर ते ओल्या कागदाचे लक्षण. जुलै-ऑगस्टमध्ये हेच कूलरशिवाय घडते. गठ्ठ्याच्या कडा छापण्याआधीच लाटांसारख्या झाल्या असतील, तर कागद साठवणीतच बिघडला आहे, प्रिंटरला बोल लावू नये.

तिसरे कारण टोनरचे. काळी पार्श्वभूमी किंवा मोठे चित्र असलेल्या पानावर प्लास्टिकचा थर थंड होताना आक्रसतो आणि कागदाला छापील बाजूकडे ओढतो. फक्त गडद पाने वळत असतील तर कारण हे. सगळीच वळत असतील तर ओलावा, आणि त्याच मजकुराची मोजकी पानेच वळत असतील तर ग्रेन.

उपाय कारणानुसार बदलतात. रीमच्या वेष्टनावर आतून ओलावा अडवणारा थर असतो, म्हणून लागेल तेवढाच कागद काढून उरलेला वेष्टनात घट्ट गुंडाळावा आणि कूलरच्या झोतापासून दूर ठेवावा. ट्रेमधला गठ्ठा उलटा केला तर बाक बऱ्याचदा कमी होतो, कारण कागदाची दोन्ही पृष्ठे मुळातच सारखी नसतात. कागदयंत्रावर बनताना जाळीकडची बाजू वेगळी घडते. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये `Paper Type` हलक्या कागदाचा निवडला की फ्युजर कमी तापतो. मात्र जाड कागदावर ही युक्ती केली तर टोनर नीट बसत नाही आणि नखाने खरवडून निघतो. काही यंत्रांना मागे उघडणारे झाकण असते. तिथून कागद सरळ बाहेर येतो आणि वरच्या ट्रेकडे जाताना पडणारा जास्तीचा बाक टळतो.

दुहेरी छपाईत मात्र सरळ वाट बहुधा वापरता येत नाही. पहिल्या फेरीत वळलेला कागद दुसऱ्या फेरीसाठी परत आत ओढला जातो आणि त्याचे उचललेले टोक मार्गदर्शक पट्टीत अडकते. शॉर्ट ग्रेनच्या कागदावर असे वारंवार होत असेल, तर आधी सगळ्या पानांची एक बाजू छापून, गठ्ठा वजनाखाली थंड होऊ देऊन मग दुसरी बाजू हाताने घालावी लागते.