परवाना नाकारला, कारण सांगितले नाही: फेरविचाराचे निवेदन देण्यापूर्वी

"अटींची पूर्तता होत नसल्याने अर्ज नामंजूर." एवढी एकच ओळ घेऊन लोक आमच्याकडे येतात. कोणती अट, ते लिहिलेले नसते. बोलावून विचारलेलेही नसते. मग आपला व्यवसाय किती नियमात आहे हे चार पाने लिहून सांगावेसे वाटते. तो मोह आवरा. आक्षेपच माहीत नसताना उत्तर कशाला देणार?

अन्न व्यवसायाचा परवाना घेऊ. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 31 प्रमाणे परवाना नाकारायचा तर अर्जदाराचे म्हणणे ऐकायचे, कारणे लेखी नोंदवायची आणि आदेशाची प्रत द्यायची. निवेदन याच गोष्टींभोवती फिरू द्या. अर्ज क्रमांक, आदेशाची तारीख आणि तो हातात पडल्याची तारीख लिहा. "नोटीस मिळाली नाही, सुनावणी झाली नाही, आदेशात कारण नाही" हे सरळ शब्दांत मांडा. पाहणी झाली असेल तर तिच्या अहवालाची प्रत मागा. पण त्याआधी पोर्टल उघडून पाहा. तिथे महिनाभर एखादे त्रुटीपत्र अनुत्तरित पडले असेल, तर "मला काहीच कळवले नाही" हे वाक्य तुमच्यावरच उलटेल.

मागणीचे शब्द जपून लिहा. "निर्णय चुकीचा आहे, बदला" असे लिहिले की "आम्हाला पुनर्विलोकनाचा अधिकार नाही" असे छापील उत्तर येते. कायद्यात तरतूद नसेल तर ते चूकही नसते. म्हणून "सुनावणी न देता काढलेला आदेश मागे घ्यावा, आक्षेप लेखी कळवावेत आणि म्हणणे ऐकून नव्याने सकारण आदेश द्यावा" असे लिहा. प्रक्रियेतली चूक दुरुस्त करणे आणि निर्णयाच्या गुणदोषांचा फेरविचार करणे, हा फरक न्यायालये मानतात.

सगळ्यात महागात पडते ती मुदत. या कायद्यात अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करायला आदेश मिळाल्यापासून 15 दिवस असतात आणि निवेदन दिल्याने ते थांबत नाहीत. आदेश 3 तारखेला मिळाला, निवेदन 5 तारखेला दिले, तरी अपिलाचा शेवटचा दिवस 18 च राहतो. साहेब "बघतो" म्हणाले म्हणून थांबू नका. 13 तारखेपर्यंत लेखी उत्तर नसेल तर अपील दाखल करा आणि निवेदनाची प्रत जोडा. त्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख हवी. टेबलावर ठेवून आलेला कागद नंतर सापडत नाही. इतर परवान्यांच्या मुदती वेगळ्या असतात, तेव्हा आधी तो कायदा पाहून घ्या.

कधी विभाग नंतर पत्र पाठवून कारणे पुरवतो. आदेश मुळात ज्या कारणांवर काढला त्यांवरच तो टिकला पाहिजे, मागाहून जोडलेल्या कारणांनी तो सावरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये मोहिंदर सिंग गिल प्रकरणात म्हटले आहे. ते पत्र लिफाफ्यासकट जपून ठेवा. सुनावणीनंतर परवाना पुन्हा नाकारला जाऊ शकतो, हेही खरे. मात्र तेव्हा आदेशात "पाणी तपासणी अहवाल जुना" असे काही नेमके लिहिलेले असेल, आणि तो अहवाल नव्याने काढून आणता येईल.