गाडगीळ आणि कस्तुरीरंगन: सारांश वाचायला घेण्याआधी हे वाचा

सोबत वाचनसामग्रीचा सारांश दिलाय, चौदा पानांचा. पश्चिम घाटाच्या संरक्षणावरचे गाडगीळ आणि कस्तुरीरंगन हे दोन्ही सरकारी अहवाल मूळचे दोन-दोन भागांचे आहेत, त्यामुळे काटछाट जबरदस्त झालीय आणि नेमकं काय कापलंय ते सांगायला ही चिठ्ठी. गाडगीळ समिती तुम्हाला माहितीच आहे, २०१० साली नेमली, २०११ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला, मग कस्तुरीरंगन गट २०१२ ला बसला आणि एप्रिल २०१३ ला अहवाल आला. हे सगळं सारांशात आहे, चाळलंत तरी चालेल.

चाळून चालणार नाही ती गोष्ट म्हणजे ६४ आणि ३७. दरवर्षी उत्तरपत्रिकेत तेच वाक्य येतं, "गाडगीळांनी ६४ टक्के घाट संरक्षित करायला सांगितला, कस्तुरीरंगन यांनी तो ३७ वर आणला", म्हणजे जणू एकच औषध, फक्त डोस जवळजवळ अर्धा केला. पेपरातही हेच छापून येतं आणि कोकणात तर सभांमध्ये बोलतात पण असंच. मला हे वाक्य आता बघवत नाही, कारण हे दोन आकडे एकाच गोष्टीचे टक्के नाहीतच.

आधी हे बघा की टक्के कशाचे. गाडगीळ समितीने पश्चिम घाट धरला तो १,२९,०३७ चौरस किलोमीटर. कस्तुरीरंगन गटाने तालुक्यांची सरकारी यादी धरून तो १,६४,२८० चौरस किलोमीटर मोजला. म्हणजे घाटच मोठा झाला. त्यातले ३७ टक्के म्हणजे साधारण ६०,००० चौरस किलोमीटर. हेच क्षेत्र गाडगीळांच्या छोट्या घाटावर ठेवून बघितलं तर ते ४६ टक्क्यांच्या आसपास जातं (दोन नकाशे तंतोतंत एकावर एक बसत नाहीत, त्यामुळे हे अंदाजापुरतंच धरा). आणि दुसरीकडे गाडगीळांनी अख्खा घाट पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हटला होता, त्याच्या तीन पातळ्या पाडल्या होत्या, सगळ्यात कडक पहिली, सगळ्यात सैल तिसरी. ६४ चा आकडा सांगतात त्यात तिसरी पातळी धरलेलीच नसते.

पण हा नुसता गणिताचा भाग झाला. खरा फरक रेघ कशी मारली यात आहे आणि सारांशात त्याला दोनच ओळी मिळाल्यात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

गाडगीळांनी घाटावर सुमारे ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरचे चौकोन टाकले. प्रत्येक चौकोनाला गुण दिले, तिथे फक्त तिथेच सापडणाऱ्या वनस्पती किती, धोक्यातले प्राणी कोणते, जंगल किती, उंची आणि उतार किती, नदीकाठची झाडी आहे का, असं बघून. मग त्यावरून तालुक्याला पातळी दिली, पण ती तात्पुरती, आणि खरी हद्द गावात, ग्रामसभेत चर्चा होऊन ठरवायची असं स्पष्ट म्हटलं. कस्तुरीरंगन गटाने आधी घाटाचे दोन तुकडे केले. वस्ती, शेती, बागा, लागवड असलेला जो भाग तो "सांस्कृतिक भूदृश्य", साधारण ६० टक्के, तो सरळ बाहेर. उरलेलं "नैसर्गिक भूदृश्य", त्यातलं जे झाडोऱ्याने समृद्ध, कमी तुकडे झालेलं आणि विरळ वस्तीचं, ते संवेदनशील. आणि एकक तालुका नाही, गाव. गावाच्या क्षेत्रातलं २० टक्के किंवा जास्त असं निघालं की ते गाव संवेदनशील गावांच्या यादीत.

आता संगमेश्वरच्या बाजूची दोन गावं डोळ्यासमोर आणा, नावं नकोत, आकडे मी सोयीसाठी घेतोय. पहिलं गाव सह्याद्रीच्या पायथ्याला, क्षेत्र १,००० हेक्टर, त्यात वरचा कडा आणि सलग जंगल २३० हेक्टर, खाली भातखाचरं, काजू, आंब्याची कलमं आणि वाड्या. दुसरं गाव त्याला लागूनच, खाडीच्या दिशेने, क्षेत्र तेवढंच, पण जंगल १८० हेक्टर आणि तेही सुटं सुटं, थोडी देवराई, थोडी पऱ्याकाठची झाडी, आणि गावाचा बाकी बराच भाग कातळसडा, म्हणजे उघड्या खडकाचं पठार. कस्तुरीरंगन पद्धतीत पहिलं गाव २३ टक्के, म्हणून अख्खं यादीत, खालच्या कलमांसकट. दुसरं १८ टक्के, म्हणून अख्खं बाहेर, देवराईसकट. शिवाय सुटे तुकडे मुळात निकषात कमी पडतात आणि सडा तर झाडोरा मोजणाऱ्या पद्धतीत उजाडच दिसणार, मग पावसाळ्यात तिथे कितीही फुलं येऊदेत. उद्या दुसऱ्या गावात खाण आली तर या यादीच्या जोरावर ती अडवता येणार नाही.

गाडगीळ पद्धतीत एक चौकोन ८१ चौरस किलोमीटरचा, म्हणजे ८,१०० हेक्टर, त्यामुळे ही दोन्ही गावं बहुधा एकाच चौकोनात आणि तालुका एकच असल्यामुळे एकाच पातळीत. पहिली किंवा दुसरी पातळी निघाली तर नवीन खाण दोन्हीकडे बंद. त्याचा तोटाही दिसतो, कड्यालगतचं गाव आणि सड्यावरचं गाव यांना एकच माप, आणि ते दुरुस्त करायला ग्रामसभा ठेवली होती. ती ग्रामसभेची पायरी काढून टाकली की गाडगीळ अहवाल वरून लादलेला वाटतो, आणि सारांशात ती पायरी नाहीये. माझ्या मते हीच सगळ्यात मोठी गळती.

थोडक्यात, एकाने सगळं आत घेऊन कमी-जास्त कडक केलं, दुसऱ्याने आत किंवा बाहेर एवढंच ठेवलं. कोकणासारख्या ठिकाणी, जिथे जंगल, कलमं, सडा, देवराई हे सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे, तिथे दुसरी पद्धत मला पटत नाही. तुम्हाला पटली तर खुशाल लिहा, पण कारण द्या.

बाकी किरकोळ. यादीत गाव आलं की घर बांधता येत नाही ही अफवा आहे. बंदी २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामावर आहे, खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवीन औष्णिक वीज आणि लाल श्रेणीतल्या म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर आहे, शेतीवर नाही. अभयारण्याभोवतीचा इको सेन्सिटिव्ह झोन ही तिसरीच गोष्ट, ती यात घुसडू नका. संवेदनशील क्षेत्र जाहीर करण्याचा केंद्राचा मसुदा २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत सहा वेळा निघाला, त्यात सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर आहे, आणि तो कस्तुरीरंगन पद्धतीवर उभा आहे, गाडगीळ नाही.

सारांशात अजिबात नसलेली एक गोष्ट म्हणजे गाडगीळ समितीला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे किनाऱ्यासकट बघायला वेगळं सांगितलं होतं, फक्त घाटाचा भाग नाही. तो भाग अहवालाच्या पहिल्या खंडात आहे, मूळच वाचा. वाचताना आपल्या तालुक्याचा नकाशा शेजारी ठेवा, आणि पुढच्या तासाला येताना आपलं गाव कस्तुरीरंगनच्या यादीत आहे की नाही ते बघून या.