ऑक्सिमीटर 98 दाखवतो तरी सीओ अलार्म का वाजतो

आम्ही सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे अलार्म बसवतो, त्यांची सर्व्हिस करतो आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही विकतो. मध्ये एका ग्राहकाचा फोन आला, अलार्म वाजायला लागलाय, बायकोचं डोकं जड झालंय आणि मळमळतंय, पण ऑक्सिमीटर लावला तर 98 दाखवतोय, मग अलार्म बिघडलाय का, बॅटरी काढून टाकू का? आम्ही सांगितलं बॅटरीला हात लावू नका, आधी दोघंही बाहेर पडा आणि तिला लगेच हॉस्पिटलला न्या. नंतर कळलं की घरातल्या गीझरचा धूर बाहेर न जाता उलटा घरात येत होता. बाई बऱ्या झाल्या. पण त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, फुफ्फुसं धडधाकट, श्वास चालू, आकडा 98, मग गुदमरायला काय कारण? त्याचं उत्तर सगळ्या ग्राहकांना माहीत असावं म्हणून हे पत्रक.

फुफ्फुसं ऑक्सिजन फक्त रक्तापर्यंत आणून सोडतात. पुढची वाहतूक लाल पेशींमधलं हिमोग्लोबिन करतं. साधारण 100 मिली रक्तात 15 ग्रॅम हिमोग्लोबिन धरलं तर ते जवळपास 20 मिली ऑक्सिजन उचलतं, आणि रक्तात नुसता विरघळून जातो तो जेमतेम 0.3 मिली, म्हणजे जवळपास सगळा भार हिमोग्लोबिनवरच. आपण शांत बसलेले असताना शरीर या 20 मधले 5 मिली वापरतं, 15 तसेच परत येतात.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाच्या चार जागा असतात आणि त्या एकमेकींचं बघून वागतात. एका जागी ऑक्सिजन बसला की बाकीच्या जागा त्याला जास्त घट्ट धरायला लागतात, एकीने सोडला की बाकीच्याही सैल पडतात. त्यामुळे फुफ्फुसात भराभर चढतो आणि पेशींजवळ भराभर उतरतो. सीओ नेमकं हेच बिघडवतो.

सीओ त्याच लोहावर बसतो पण ऑक्सिजनपेक्षा 200 ते 250 पट घट्ट. आता हिशोब बघा, हवेत ऑक्सिजन 21 टक्के आणि समजा सीओ फक्त 0.1 टक्का, म्हणजे 210 पट कमी, पण पकड तितकीच पट जास्त, म्हणून अशा हवेत काही तास राहिलं तर जवळपास निम्म्या जागा सीओकडे जातात. सीओला वास नाही, रंग नाही, नाकाला काही कळतच नाही.

बरेच जण म्हणतात ठीक आहे, निम्मं हिमोग्लोबिन गेलं, उरलेलं निम्मं आहे ना, अॅनिमियात लोक तेवढ्यावर चालतात फिरतात की. इथेच खरी गोम आहे. अॅनिमियामुळे हिमोग्लोबिन 15 ऐवजी साडेसात झालेला माणूस धरा, आणि 15 पैकी निम्मं सीओने अडवलेला दुसरा माणूस धरा. दोघांच्या 100 मिली रक्तात ऑक्सिजन 10 मिलीच, दोघांना त्यातून 5 मिली उतरवायचाय. पहिल्याच्या बाबतीत पेशींजवळ ऑक्सिजनचा दाब साधारण 27 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत खाली आला की 5 मिली सुटतो, त्याला थकवा येतो, दम लागतो, पण निभतं. दुसऱ्याच्या रेणूंमध्ये मात्र काही जागांवर सीओ ठाण मांडून बसलाय, त्यामुळे शेजारच्या जागांना वाटतं आपण अजून फुफ्फुसातच आहोत, आणि त्या ऑक्सिजन सोडतच नाहीत. तेवढाच 5 मिली काढायला दाब 13-14 पर्यंत खाली यावा लागतो, आणि इतक्या कमी दाबाने तो पेशींच्या आतपर्यंत पुरेसा पोचत नाही. मेंदू आणि हृदयाला सगळ्यात जास्त लागतो, म्हणून आधी डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, मग बेशुद्धी. थोडक्यात ऑक्सिजन कमी भरला जातो आणि जो भरला तोही नीट उतरत नाही.

मग दम का लागत नाही? मानेतल्या मोठ्या धमन्यांजवळ ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या छोट्या गाठी असतात, पण त्या रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब बघतात, हिमोग्लोबिनवर किती बसलाय ते नाही. फुफ्फुसं नीट असल्याने तो दाब नॉर्मलच राहतो, आणि शरीराचा स्वतःचा अलार्म वाजत नाही. म्हणूनच माणूस झोपेतच जातो.

ऑक्सिमीटरचं पण तसंच. तो बोटातून दोन प्रकारचा प्रकाश टाकतो, 660 आणि 940 नॅनोमीटरचा, आणि त्यावरून ठरवतो रक्त किती लाल आहे. सीओ बसलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच लाल दिसतं, म्हणून 98. मशीन खराब नाही, त्याला हा फरक ओळखायला बनवलेलंच नाही. आम्हीच विकतो ते, तरी स्पष्ट सांगतो, सीओच्या शंकेसाठी त्याच्यावर अजिबात विसंबू नका. हॉस्पिटलमध्ये रक्ताची को-ऑक्सिमेट्री करतात, ती जास्त तरंगलांबी वापरून सीओचा वाटा वेगळा मोजते.

उपाय म्हणजे ऑक्सिजन, भरपूर. साध्या हवेत सीओ निम्मा व्हायला 4 ते 5 तास लागतात, मास्कने 100 टक्के ऑक्सिजन दिला तर साधारण तास दीड तास, म्हणून "बाहेर आलो, बरं वाटतंय" म्हणून घरी परत झोपू नका. जास्त दाबाखाली ऑक्सिजन दिला तर तो रक्तात नुसता विरघळूनही बराच पोचतो. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने 1895 मध्ये दाखवलं होतं की दोन वातावरणाच्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये उंदीर भरपूर सीओ असूनही तगतात, हिमोग्लोबिन अडकलेलं असलं तरी!

मेथेमोग्लोबिन हा याचाच चुलतभाऊ, पण इथे बाहेरून कोणी येऊन बसत नाही, लोहच बदलतं. त्याचा एक इलेक्ट्रॉन जातो आणि मग त्यावर ऑक्सिजन बसूच शकत नाही, शिवाय त्या रेणूतल्या उरलेल्या चांगल्या जागा सीओसारखंच ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतात. असं रोज थोडं होतंच, लाल पेशीतलं एक एन्झाइम ते परत सरळ करतं आणि प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास राहतं. नायट्राइट, अॅनिलीन, डॅप्सोनची गोळी, घसा बधीर करायचा बेंझोकेन स्प्रे यांनी ते वाढू शकतं, आणि लहान बाळांमध्ये हे एन्झाइम कमी असल्याने नायट्रेटवालं विहिरीचं पाणी दुधात वापरणं धोक्याचं.

इथे अलार्म वाजणार नाही, तो फक्त सीओ ओळखतो. पण खुणा दिसतात. साधारण 10 टक्क्यांपासून ओठ निळसर-राखाडी पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं आणि हवेत ठेवलं तरी लाल होत नाही. प्रमाण बरंच वाढलं की ऑक्सिमीटर 85 च्या आसपास अडकतो आणि मास्क लावला तरी हलत नाही. असं दिसलं तर डॉक्टरांना कुठलं औषध किंवा केमिकल घेतलं, लागलं ते आधी सांगा. यावर मेथिलीन ब्लू शिरेतून देतात, पण जी6पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्यांना ते चालत नाही, तसं माहीत असेल तर तेही लगेच सांगा.